पन्नाशीनंतर पेटी शिकताना नेमकं कुठे अडतं

पेटीच्या वर्गात चौकशीला येणारी पन्नाशी-साठीतली माणसं बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : “आता या वयात बोटं वळतील का?” मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना पेटी शिकवते आहे, आणि माझ्या मते या प्रश्नात भीतीची जागाच चुकलेली असते. पेटीत बोटांना पडणारं काम पुष्कळ हलकं आहे. मोठ्या माणसाचं अडतं ते दुसरीकडे. एक, भाता सांभाळणाऱ्या डाव्या हातात, आणि दोन, कानात. कान कच्चा असतो म्हणून नव्हे, तो हाताच्या फार पुढे गेलेला असतो म्हणून.

आधी बोटांबद्दल, म्हणजे तो विषय संपेल. गिटार सुरू करणाऱ्याला पहिले काही आठवडे तार बोटांना टोचते. तार पुरेशी दाबली गेली नाही तर सूर खरखरतो, त्यामुळे जोर लावावाच लागतो आणि बोटांच्या टोकांची कातडी घट्ट होईपर्यंत दुखणं सोसावं लागतं. पेटीत असं काही नाही. पट्टी दाबली की तिला जोडलेली झडप उघडते, आत कोंडलेली हवा पितळेच्या बारीक पत्तीतून बाहेर पडते आणि ती पत्ती थरथरून सूर निघतो. या पत्तीला आपण रीड म्हणतो. आवाज लहान होणार की मोठा, हे हवेच्या दाबावर ठरतं. पट्टी हळू दाबा नाहीतर दणकून दाबा, सूर तोच आणि तेवढाच येतो. ज्यांची बोटं सकाळी आखडलेली असतात, त्यांनाही पेटी जमते ती यामुळे.

तरीही नवीन माणूस पट्टी दाबून धरतो. हे ओळखायची खूण सोपी आहे : वाजवताना नखं पांढरी पडतात आणि मनगट उचललेलं, ताठ दिसतं. अशा वेळी आधी पेटीवरचा कपलर बंद आहे का ते बघावं. कपलर उघडा असला की एक पट्टी दाबल्यावर दुसऱ्या सप्तकातली त्याच सुराची पट्टीही ओढली जाते. आवाज भरदार होतो, पण पट्टी जड लागते आणि हवाही जास्त खर्च होते. शिकण्याच्या काळात कपलर बंद ठेवावा आणि समोरच्या खुंट्यांपैकी एका ओळीच्या सुरांची तेवढी उघडावी. आवाज जरा पातळ वाटेल, पण काम निम्म्याने हलकं होईल.

आता भात्याकडे येऊ. इथेच सगळ्यात जास्त माणसं अडखळतात, आणि अडचण भात्याची आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

पेटीत हवेच्या दोन जागा असतात. मागचा भाता आपण हाताने उघडतो-मिटतो. तो हवा आत ढकलतो, ती पेटीच्या पोटातल्या दुसऱ्या भात्यात साठते. या आतल्या भात्याला स्प्रिंग लावलेल्या असतात. त्या साठलेल्या हवेवर सारखा दाब ठेवतात आणि रीडला हवा पुरवत राहतात. म्हणून बाहेरचा भाता क्षणभर थांबला तरी सूर तुटत नाही. थोडक्यात, हाताने हलवायचा भाता सूर वाजवत नाही, तो साठा भरतो. घराच्या गच्चीवरची टाकी आणि खालचा पंप यांचं नातं असतं तसं हे नातं आहे : नळ उघडताना दर वेळी पंप लावायचा नसतो.

नवीन माणूस मात्र नेमकं तेच करतो. “सा” म्हटला की भात्याचा एक झटका, “रे” म्हटला की दुसरा. उजव्या हाताच्या प्रत्येक बोटाबरोबर डावा हात दचकतो. दोन हात एकत्र हलवायची शरीराला सवय असते, टाळ्या वाजवण्यापासून कणीक मळण्यापर्यंत. दोन्ही हातांनी एकाच वेळी वेगळ्या चालीने काम करणं हे खरोखरच नवं शिक्षण आहे आणि त्याला वेळ लागतो. लहान मुलांनाही लागतो. फरक एवढाच की मुलं त्याचा अर्थ “माझं वय झालं” असा लावत नाहीत.

टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे येऊ लागले, त्यांचं उदाहरण सांगते, कारण ते अगदी नमुनेदार आहे. गावाकडच्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्यांनी वयोमानाने बसणं सोडलं होतं आणि ती जागा भरून काढावी असं काकांच्या मनात होतं. घरी आधीच त्यांनी स्वतःच्या स्वतः सा रे ग म बसवलं होतं. पहिल्या दिवशी वाजवून दाखवलं तेव्हा एकही पट्टी चुकली नाही, तरी प्रत्येक सूर सुरुवातीला मोठा आणि शेवटी मलूल येत होता. ऐकताना धाप लागल्यासारखं वाटत होतं. काका म्हणाले, “ताई, बोटं अडखळतात माझी.” मी त्यांना म्हटलं, “काका, बोटं बिनचूक आहेत. उजवा हात मांडीवर ठेवा.”

मग आम्ही फक्त भाता घेतला. उजव्या हाताचं एकच बोट “सा”वर ठेवून द्यायचं आणि ते उचलायचं नाही. डाव्या हाताने भाता पूर्ण न उघडता, साधारण अर्धाच, सावकाश मागेपुढे करायचा. आणि मुद्दाम अनियमित करायचा : एकदा लवकर, एकदा जरा थांबून, दोनदा लागोपाठ, मग पुन्हा थांबून. अट एकच, ऐकणाऱ्याला भाता केव्हा हलला ते आवाजावरून कळता कामा नये. आतला साठा कमी होत आला की भाता हाताला हलका लागतो आणि भरला की अडतो. हा फरक तळहाताला कळू लागला की मोजायची गरज उरत नाही. काकांना हे यायला काही आठवडे लागले, आणि या काळात आम्ही जवळजवळ दुसरं काही केलं नाही. नंतर मात्र तेच सा रे ग म त्यांनी वाजवलं तेव्हा घरातल्या माणसांनी विचारलं की नवीन पेटी आणली का.

घरची जुनी पेटी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासून घ्यावी. एकही पट्टी न दाबता भाता मारत राहा. चार-सहा वेळा मारल्यावर आतला साठा भरून भाता अडायला हवा. तो अडतच नसेल, सहज मिटत राहत असेल, किंवा कुठून तरी फुसफुस ऐकू येत असेल, तर भाता गळतो आहे. अशा पेटीवर कितीही सराव केला तरी हात थकणार आणि सूर डगमगणार. कातडं किंवा जोड बदलून घेण्याचं काम पेटी दुरुस्त करणारे नेहमी करतात. आधी ते करून घ्यावं, मग स्वतःच्या हाताला दोष द्यावा.

आता कानाबद्दल. लहानपणी सुरुवात केलेल्यांना एक गोष्ट खरोखरच अधिक मिळू शकते, ती मान्य केली पाहिजे. कुठलाही सूर ऐकून तो अमुक पट्टीचा आहे, हे आधाराशिवाय ओळखण्याची शक्ती ज्यांच्यात असते, त्यांनी बहुधा अगदी लहान वयात संगीत सुरू केलेलं असतं. मोठेपणी ती येणं फार कठीण. पण आपल्या संगीताला तिची गरजच नाही. आपला “सा” कुठल्याही पट्टीवर ठेवता येतो आणि बाकीचे सगळे सूर त्या “सा”पासून किती अंतरावर आहेत, यावर ओळखले जातात. हे अंतर ओळखणं कुठल्याही वयात शिकता येतं. शिवाय ज्याने तीस-चाळीस वर्षं रेडिओवर नाट्यगीतं, भावगीतं, अभंग ऐकले आहेत, त्याला ते नकळत बरंचसं येत असतं. अशा माणसासमोर ओळखीच्या अभंगातला एक सूर चुकीचा वाजवून बघा, भुवई लगेच वर जाते.

खरा त्रास याच भुवईचा आहे. आठ वर्षांचं मूल चुकीचा गंधार वाजवून पुढे जातं, कारण त्याला तो फारसा खटकत नाही. साठीच्या माणसाला तो सपकन लागतो. हात अजून पहिल्या इयत्तेत आणि कान पदवीपर्यंत पोचलेला, अशी स्थिती असते. मग दर चुकीला माणूस थांबतो, ओशाळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. वर्ग सोडणारी माणसं बहुतेक याच टप्प्यावर सोडतात आणि कारण म्हणून वय सांगतात.

म्हणून मी मोठ्या माणसांना पहिल्या दिवसांत अशा जागी बसवते जिथे चुकीचा सूर लागूच शकत नाही. पेटीवर ती जागा तयारच आहे. काळी तीनला, म्हणजे तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातल्या पहिलीला, “सा” माना. तिथून फक्त काळ्या पट्ट्या उजवीकडे वाजवत चला : काळी तीन सा, काळी चार रे, काळी पाच ग, मग वरच्या सप्तकातली काळी एक प, काळी दोन ध, आणि पुन्हा काळी तीन वरचा सा. हे भूप रागाचे पाच सूर झाले. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, आणि काळ्या पट्ट्यांमध्येही ते नाहीत. कुठलंही बोट कुठल्याही काळ्या पट्टीवर पडलं तरी भूपातलाच सूर निघणार. कानाला खटकण्यासारखं काही उरत नाही, त्यामुळे सगळं लक्ष भात्याकडे आणि लयीकडे देता येतं. सोबत तानपुऱ्याचं अ‍ॅप काळी तीनला लावून ठेवावं. आता सारेग, रेगप, गपध, पधसां असा अलंकार सावकाश वाजवला की पहिल्याच आठवड्यात कानाला बरं वाटेल असं काहीतरी हातातून निघू लागतं.

याच्या पुढची गंमत मी थोड्या दिवसांनी दाखवते. पट्ट्या त्याच पाच, फक्त “सा” हलवायचा. तानपुरा काळी एकला लावा आणि तिथून काळ्या पट्ट्या वाजवा. सा रे म प ध असे सूर होतात, म्हणजे दुर्गा रागाचे. काळी दोनला लावलात तर धानीचे. काळी चारला सा रे म प आणि कोमल निषाद, म्हणजे मेघाचे. आणि काळी पाचला लावलात की गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल होतात, पंचम नाहीसा होतो आणि मालकंसाचे सूर समोर येतात. आपल्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. अर्थात सूर म्हणजे राग नव्हे. रागाला त्याची चाल, ठरलेले विसावे, कुठल्या सुराला किती मान द्यायचा याचे संकेत असतात, ते शिकायला वर्षं लागतात. पण एकच पट्टी तानपुरा बदलल्यावर वेगळी ऐकू येते, हा अनुभव मुरलेल्या कानाला फार लवकर समजतो. इथे मोठं माणूस मुलाच्या पुढे असतं आणि ते मी प्रत्येक वेळी पाहिलं आहे. तानपुरा मात्र चालू हवाच. तो नसला तर मालकंस वाजवतानाही कान भूपच ऐकत राहतो.

भूप हाताला बसला की बाकीचे सूर घ्यायचे आणि तेव्हा अंगठ्याचा प्रश्न येतो. बरीच घरी शिकलेली माणसं अंगठा वापरतच नाहीत, तर्जनी आणि मधलं बोट यांवरच सगळं चालवतात. सावकाश वाजवताना चालतं, लय वाढली की हात उड्या मारू लागतो. काळी एकला “सा” धरून शुद्ध सप्तक असं घ्यावं : सा तर्जनी, रे मधलं बोट, ग अंगठा, मग म तर्जनी, प मधलं बोट, ध अनामिका, नि पुन्हा अंगठा आणि वरचा सा तर्जनी. नीट बघितलं तर गंधार आणि निषाद हे दोनच सूर पांढऱ्या पट्टीवर येतात, गंधार पांढरी चारवर आणि निषाद पांढरी एकवर, आणि अंगठा नेमका तिथेच पडतो. अंगठा आखूड असल्यामुळे पुढची पांढरी पट्टी त्याला सोयीची, लांब बोटांना मागच्या काळ्या पट्ट्या सोयीच्या. म्हणूनच काळी एक ही दिसायला अवघड पण हाताला सोपी पट्टी आहे. आरोहात ग आणि नि घेताना अंगठा बोटांखालून सरकवायचा, हात न उचलता. हे एवढं एक वळण रोज वेगळं काढून वाजवावं.

सरावाबद्दल मला एकच सांगायचं आहे, पण ते आग्रहाने. चूक झाली की पहिल्यापासून सुरू करू नका. सरळमार्गी, कामाची शिस्त असलेली माणसं हे हमखास करतात. त्यातून होतं असं की ओळीची सुरुवात पन्नास वेळा वाजते, चुकणारी जागा पन्नास वेळा चुकते आणि त्यानंतरचा भाग जवळजवळ वाजतच नाही. मेंदूला चूक आणि बरोबर यातला हेतू कळत नाही, जे वारंवार होतं ते तो पक्कं करतो. समजा “गपधसां” मध्ये धैवतावरून वरच्या सा वर जाताना बोट अडतं. मग फक्त पधसां एवढाच तुकडा घ्या. मेट्रोनोम साठला लावा, म्हणजे सेकंदाला एक ठोका, आणि दोन ठोक्यांना एक सूर या बेताने वाजवा. सलग पाच वेळा न अडता आलं की एका ठोक्याला एक सूर. तेही आलं की मागे ग जोडा. असं पाच मिनिटं करून ती जागा सोडून द्या. दुसऱ्या दिवशी ती जरा सैल झालेली सापडते, कारण हाताने शिकलेलं झोपेत मुरतं. म्हणूनच रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसणाऱ्याचं काम पुढे जातं.

काकांची पुढची अडचण वेगळीच निघाली. वर्गात त्यांचं सगळं काळी एकला बसलं होतं, आणि मंडळ गात होतं पांढरी चारला. “सा” हलला की प्रत्येक सुराची पट्टी बदलते, बोटांची चाल बदलते. जमलेलं सगळं गेलं असं त्यांना त्या दिवशी वाटलं. अशा वेळी काही जण स्केलचेंजर पेटी घेतात. तिच्यात पट्ट्यांचा संच सरकवता येतो, म्हणजे बोटं काळी एकची चाल चालतात आणि आवाज पांढरी चारचा येतो. सोय आहे, पण पेटी महाग आणि वजनाला जड होते, आणि मंडळाची पेटी तशी नसते. आम्ही पुन्हा भूपाकडे गेलो. पांढरी चारला “सा” धरला तर भूपाचे पाचही सूर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात : पांढरी चार, पाच, सहा, मग वरच्या सप्तकातली एक आणि दोन. काकांना ते दिसलं आणि मग त्याच अंगाने शुद्ध मध्यम तेवढा काळी पाचवर आणि निषाद पांढरी तीनवर असतो, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. मंडळात जाऊन वाजवायचं असेल तर ते कुठल्या पट्टीत गातात, हे पहिल्याच महिन्यात विचारून ठेवावं आणि शिक्षकांना सांगावं.

वयाने काय जमणार नाही, तेही स्पष्ट सांगते. द्रुत लयीतली तान तरुण हाताइतकी सफाईने निघणं अवघड आहे. जमिनीवर मांडी घालून तासभर बसणं गुडघ्यांना झेपत नसेल तर हट्ट करू नये, बैठ्या टेबलावर पेटी आणि आपण खुर्चीवर, कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल असं बसावं. आणि काही मर्यादा वयाच्या नसून पेटीच्याच आहेत. तिच्यात दोन सुरांच्या मधली मींड निघत नाही, सूर ठरलेल्या जागी पक्के असतात. याच आक्षेपावरून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी घातली होती. त्याआधी आणि त्या काळातही गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी आणि पी. मधुकरांसारख्यांनी याच मर्यादेत काय करता येतं ते दाखवून दिलं. ज्यांना पेटीच्या आधाराने गायचंही आहे, त्यांनी रोजचा गळ्याचा सराव मात्र तानपुऱ्यावर करावा, नाहीतर गळा पेटीच्या पायऱ्यांवरच चालायला शिकतो.

मोठ्या माणसासाठी साध्य आणि समाधानाची अशी एक जागा मला नेहमी दिसते, ती म्हणजे लेहरा. तबल्याच्या साथीला सोळा मात्रांचं एक आवर्तन पुन्हा पुन्हा, लय न हलवता वाजवत राहायचं. त्यात बोटांच्या वेगापेक्षा स्थिर भाता आणि लयीची शांत जाण लागते, आणि घराजवळ तबला शिकणारी मुलं असली तर ती अशा माणसाच्या शोधातच असतात.

परीक्षा द्यायची असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा पेटीसाठीही आहेत. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम अशा पायऱ्या आहेत आणि वयाची वरची अट नाही. काहींना परीक्षेच्या तारखेमुळे नियमित बसायची शिस्त लागते, काहींची भीती परत येते. आपण कुठल्या जातीचे आहोत हे शाळेच्या दिवसांवरून आठवून ठरवावं. ज्याला फक्त घरच्या आरतीला वाजवायचं आहे, त्याने परीक्षेच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्ग निवडताना फी आणि अंतर सगळेच बघतात. त्याशिवाय पहिल्या भेटीत शिक्षकांना एवढं विचारावं : माझा हात कसा पडतो ते तुम्ही वेगळं बघणार का, की सगळ्यांनी एकत्र वाजवायचं? दहा मुलांच्या दहा पेट्या एकाच वेळी वाजत असतील तर आपला भाता दचकतो आहे हे कुणालाच ऐकू येणार नाही, आपल्यालाही नाही. आठवड्यातून एकदाच, पण शिक्षक शेजारी बसून पाच मिनिटं एकट्याचं ऐकतील, असा वर्ग मोठ्या माणसाला जास्त उपयोगी पडतो. आणि तिथून निघताना घरी या आठवड्यात नेमका कुठला तुकडा, कुठल्या लयीत वाजवायचा, हे वहीत लिहून घ्यावं.